शंभर कोंबड्या की एक म्हैस? हाताशी साठ हजार असतील तर हिंगोलीतला हिशेब

व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून तोच हिशेब इथे सावकाश लिहून काढतोय. वही-पेन घेऊन बसा. माझे आकडे खोडून त्या जागी तुमच्या गावचे आकडे टाका, तरच या लेखाचा उपयोग आहे.

आधी एक घर डोळ्यासमोर घेऊ. कळमनुरी तालुक्यातलं समजा. तीन एकर शेती, खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडी हळद. घरात नवरा-बायको, म्हातारी आई आणि शाळेत जाणारी दोन पोरं. हळद विकून देणी भागवल्यावर हातात ६० हजार राहिलेत. बैल विकल्यापासून गोठा रिकामा पडलाय. प्रश्न असा की या पैशात कोंबड्या कराव्या की म्हैस घ्यावी?

पोल्ट्री म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर पाच हजार पक्ष्यांचं लांबलचक शेड येतं. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषध देते, आपण शेड, वीज, पाणी आणि मजुरी द्यायची, आणि किलोमागे ठरलेला संगोपन दर घ्यायचा. हा धंदा आहे, चालतोही, पण तो या घराचा नाही. ब्रॉयलरच्या एका पक्ष्याला एक ते सव्वा चौरस फूट जागा लागते, म्हणजे पाच हजार पक्ष्यांना पाच-सहा हजार फुटांचं बांधकाम आलं. तो खर्च लाखांत जातो आणि कर्जाला जमीन तारण पडते. साठ हजारांत होणारी पोल्ट्री म्हणजे शंभर सुधारित गावरान पक्षी: गिरिराज, वनराजा, नाहीतर कावेरीसारखे. म्हणून तुलना एक म्हैस आणि शंभर गावरान यांचीच करू.

कोंबड्यांचा हिशेब

शंभर पक्ष्यांना प्रत्येकी दोन फुटांप्रमाणे दोनशे चौरस फूट जागा लागते. खाली दीड-दोन फूट विटांची भिंत, वर जाळी, त्यावर पत्रा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरत नाही. घरचं लाकूड वापरलं आणि स्वतः राबलात तर हे ३० हजारांत बसवता येतं. रिकामा गोठा जाळी लावून वापरला तर आणखी कमी.

आता एक बॅच. शंभर पिल्लं ३० रुपयांनी ३,००० रुपये. सुधारित गावरान पक्षी बारा आठवड्यांत दीड किलोच्या आसपास भरतो आणि तोपर्यंत सुमारे चार किलो खाद्य खातो. आठ पिल्लं मरतील असं धरा. एकूण ३७५ किलो खाद्य, ३८ रुपयांनी १४,२५० रुपये. लस, औषध, बल्ब, भुसा यांचे २,०००. बॅचचा खर्च झाला १९,२५० रुपये.

विक्रीला राहिले ९२ पक्षी. सरासरी १.४ किलो धरू, म्हणजे साधारण १२९ किलो. आठवडी बाजारात किंवा दारावर जिवंत वजनाने २०० रुपये किलो मिळाले तर २५,८०० येतात आणि ६,५५० रुपये उरतात. तोच माल एकरकमी व्यापाऱ्याला १५० रुपयांनी दिला तर येतात १९,३५०. उरले किती? शंभर रुपये! तीन महिने पहाटे उठून शंभर रुपये.

हा फरक नीट बघा. कोंबडी वाढवण्यात नफा नाही, तो सगळा किलोमागच्या त्या ५० रुपयांत आहे. म्हणून शेड बांधायच्या आधी गिऱ्हाईक मोजा. दोन-तीन आठवड्यांत ९२ पक्षी घेणारी तोंडं तुमच्या ओळखीत आहेत का? हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे ढाबे, शेजारची गावं, बाजारात बसणारा एखादा चिकनवाला. नावं लिहून काढा. पंधरा नावं निघाली नाहीत तर शंभर सोडा, पन्नास पिल्लांवर थांबा.

दुसरी गोष्ट वेळेची. मी दुकानदार माणूस आहे. माझा माल महिनाभर पडून राहिला तर त्यावर धूळ बसते, पण तो रोज खायला मागत नाही. तयार कोंबडी रोज शंभर ग्रॅम खाते. ९२ पक्षी श्रावणात तयार झाले आणि महिनाभर विकले गेले नाहीत, तर पावणेतीनशे किलो खाद्य जातं, म्हणजे साडेदहा हजार रुपये. वजन थोडं वाढतं खरं, पण त्या वयात खाल्लेल्या खाद्याच्या मानाने ते फार कमी वाढतं. बॅचचा सगळा नफा गेला आणि वर पदरचे चार हजार गेले. औंढा नागनाथच्या परिसरात श्रावणात काय वातावरण असतं ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून पिल्लांची तारीख पंचांग बघून मागे मोजत आणायची. आखाडाचा खप धरायचा असेल तर आषाढ लागताना पक्षी बारा आठवड्यांचे झाले पाहिजेत, म्हणजे पिल्लं साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उतरली पाहिजेत. धुळवडीसाठी डिसेंबरच्या सुमारास. पण दोन्ही वेळा अवघड आहेत: एक पिल्लं उन्हाच्या तडाख्यात वाढतात, दुसरी थंडीत. पहिल्या आठवड्यात पिल्लाला अंगाजवळ ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरवायची. थंडीत पिल्लामागे दोन वॅट असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे शंभर पिल्लांना दोनशे वॅट. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लंच खरं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला पळून चोच उघडी ठेवून बसली तर उकडतंय. सगळीकडे सारखी पसरलेली आणि खाताना दिसली तर तुम्हाला झोपायला हरकत नाही. रात्री लाईट जाते हे धरूनच चाला आणि एक-दोन कोळशाच्या शेगड्या तयार ठेवा. मात्र शेगडी पेटली की धूर बाहेर जायला वाट हवी.

लसीकरणात कंजुषी नको. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात थेंब टाकून, चौदाव्या दिवशी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवी, आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी. लसीची बाटली बर्फात आणायची आणि फोडल्यावर तास-दोन तासात संपवायची. उन्हात दुचाकीच्या डिकीत ठेवून आणलेली लस टोचून काही उपयोग नाही, ती मेलेली असते. मग राणीखेत आला की हिरवी-पांढरी हगवण, मान वाकडी होणं, आणि आठवडाभरात शेड रिकामं.

मोठ्या रोगाचीही आठवण ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. मग आजूबाजूच्या चांगल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडीतून कोरोना होतो या नुसत्या अफवेने भाव कोसळले होते. रोग आपल्या शेडमध्ये नसतानाही गिऱ्हाईक पळतं. म्हणून सगळे साठ हजार एका वेळी कोंबड्यांत घालायचे नाहीत. पहिली बॅच बुडाली तरी दुसरीचे पैसे हातात असले पाहिजेत. शेड ३० हजार आणि बॅच १९ हजार धरली तर आपल्या घराकडे जेमतेम ११ हजार उरतात. म्हणजे पूर्ण शेड आणि पूर्ण शंभर पक्षी एकदम नकोत. गोठ्याला जाळी लावून पन्नासांपासून सुरुवात केलेली बरी.

आता खाद्याचं. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन असतं, म्हणून लोक म्हणतात की घरचंच सोयाबीन कोंबड्यांना घालू. कच्चं सोयाबीन घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. पक्षी खातो, पण वाढत नाही. दाणा नीट भाजल्यावर तो घटक निकामी होतो आणि पेंडीत तो आधीच निकामी केलेला असतो. सहा आठवड्यांनंतर घरची ज्वारी, मक्याची कणी, बाजरी यांनी खाद्याचा काही भाग भागवता येतो. शंभर किलो विकतचं खाद्य वाचवून २२ रुपयांची कणी घातली तर बॅचमागे सोळाशे रुपये वाचतात. सगळंच खाद्य कणीचं केलंत तर मात्र वजन येणार नाही.

सोयाबीन पिकवणाऱ्या घरासाठी यात एक गंमत आहे. कोंबडी खाद्याचा पाव भाग किंवा त्याहून जास्त सोयापेंड असते. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा पोल्ट्रीवाले रडत होते, सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली होती. आणि २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ असताना बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं, तेव्हा पेंडही स्वस्त होती. म्हणजे शेतात सोयाबीनला मार बसतो त्या वर्षी शेडमध्ये थोडं सावरलं जातं.

वर्षभराचं बघू. बारा आठवडे बॅचचे, दोन आठवडे शेड धुऊन, चुना मारून, मोकळं ठेवायचे. श्रावण टाळायचा म्हणून वर्षाला तीन बॅच धरू. चांगल्या भावाने १९,६५० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १,६४० रुपये. हे शंभर पक्ष्यांचं चित्र आहे. पन्नास पक्षी केले तर निम्म्याच्या आसपास धरा.

म्हशीचा हिशेब

मुऱ्हा रक्ताची, दुसऱ्या वेताची, वेताच्या भरात आठ लिटर देणारी म्हैस ९० हजारांना धरू. मराठवाडी म्हैस याच्या बऱ्याच खाली मिळते आणि चाऱ्याच्या ओढाताणीत जास्त तग धरते, पण दूध कमी देते. ज्याच्याकडे पाणी बेताचं आहे त्याने तिला नाक मुरडू नये.

विकणारा "आठ लिटर" सांगतो आणि आपण लगेच आठ गुणिले तीस गुणिले बारा करून मोकळे होतो. फसगत इथे होते. आठ लिटर हा वेताच्या भरातला आकडा आहे. पूर्ण वेताची सरासरी सहा लिटर धरा आणि दुभते दिवस तीनशे. झाले १,८०० लिटर. मग म्हैस आटते. आपल्याकडे दोन वेतांत पंधरा महिन्यांचं अंतर सहज पडतं, म्हणजे साडेचारशे दिवस. त्यातले दीडशे दिवस ती भाकड असते. १,८०० भागिले ४५०, चार लिटर. तुम्ही आठ लिटरची नाही, रोज चार लिटरची म्हैस विकत घेतली आहे.

दुधाला फॅटप्रमाणे सरासरी ५५ रुपये धरले तर पंधरा महिन्यांत ९९,००० येतात. आता खर्च. खुराक म्हणजे सरकी पेंड, सुग्रास वगैरे: अंगाला एक किलो आणि दर लिटरला अर्धा किलो, म्हणजे सहा लिटरला चार किलो. ३० रुपयांनी रोज १२०, तीनशे दिवसांचे ३६,०००. भाकड काळात दीड किलो धरला तर दीडशे दिवसांचे ६,७५०. विण्याआधीच्या दोन महिन्यांत याहून थोडा वाढवावाच लागतो. डॉक्टर, जंतनाशक, खनिज मिश्रण, रेतन मिळून ५,०००. राहिला चारा. सगळा विकत घेतला आणि रोजचे फक्त ६० रुपये धरले तरी साडेचारशे दिवसांचे २७,००० होतात.

सगळं विकत घेतलं तर खर्च ७४,७५० आणि उरले २४,२५०. महिन्याला साधारण १,६१७ रुपये. बघा, शंभर कोंबड्यांइतकेच! चारा घरचा असेल तर उरतात ५१,२५०, म्हणजे महिन्याला ३,४०० च्या वर. म्हैस तीच, दूध तेच, मालक तोच. फरक बांधावर पडला.

म्हणून चाऱ्याबद्दल स्पष्ट बोलू. आपल्या जिल्ह्यात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि त्याबरोबर कडबा गेला. आता कडबा विकत आणायचा म्हणजे उन्हाळ्यात सांगेल तो भाव. सोयाबीन-तुरीचं कुटार पोट भरायला थोडं चालतं, पण नुसत्या कुटारावर दूध निघत नाही. म्हशीला रोज पंचवीस किलोच्या आसपास हिरवा आणि पाच-सहा किलो वाळला चारा लागतो. नेपियरचं एकरी चाळीस टन धरलं, जे पाणी असेल तर अवघड नाही, तर दहा गुंठ्यांत दहा टन, म्हणजे रोज सत्तावीस किलो. एका म्हशीला दहा गुंठे ओलिताची जमीन हा हिशेब पाठ करा. वाळल्या चाऱ्यासाठी रब्बीत अर्धा एकर ज्वारी पेरा आणि कडबा कुट्टी करून घाला. अख्खा कडबा टाकला तर जाड धांडे गव्हाणीतच राहतात.

आता सगळ्यात कळीचा प्रश्न: तुमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का? हळदीला पाणी देताना मार्चमध्येच मोटर हवा ओढायला लागत असेल, तर ते दहा गुंठे एप्रिलमध्ये वाळतील. आणि उन्हाळ्यात दुधाला भाव बरा असतो त्याच वेळी तुम्ही चारा विकत आणत असाल.

भाकड दिवसांचा हप्ता

ज्यांना पूर्ण कर्जाने म्हैस घ्यायची आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचा. ९० हजार तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ३,००० येतो. म्हैस भाकड झाली म्हणून बँक थांबत नाही. पाच भाकड महिन्यांचे हप्ते १५,००० आणि खुराक ६,७५०, झाले २१,७५०. हे पैसे दुभत्या तीनशे दिवसांतच बाजूला पडले पाहिजेत: रोज ७२ रुपये, म्हणजे सव्वा ते दीड लिटर दूध. ते दूध पहिल्या दिवसापासून तुमचं नाहीच. डेअरीचं बिल दहा दिवसांनी आलं की त्यातले सातशे-साडेसातशे आधी वेगळ्या खात्यात टाका, मग किराणा.

आणि पोरांनी घरात रोज एक लिटर दूध प्यायलं तर? प्यायलंच पाहिजे, त्यासाठीच तर अर्धी घरं म्हैस घेतात. पण तीनशे लिटरचे १६,५०० रुपये रोख येणं बंद होतं. घरचा चारा असूनही हातात ३४,७५० राहतात आणि पंधरा महिन्यांचे हप्ते असतात ४५,०००. दहा हजारांची तूट पडते! मग माणूस खुराक कमी करतो, त्याने दूध कमी होतं, आणि शेवटी म्हैस भाकडपणी निम्म्या भावात बाजारात जाते. कर्ज मात्र घरीच राहतं.

आपल्या घराने ६० हजारांपैकी ४५ हजार घातले आणि ४५ हजारच कर्ज काढलं तर हप्ता १,५०० होतो. पंधरा महिन्यांचे २२,५०० जाऊन, घरचं दूध पिऊनही १२,२५० उरतात. भाकड खात्याला रोज ४७ रुपये पुरतात, म्हणजे लिटरभरही नाही. उरलेले पंधरा हजार नेपियरची बेणं, विमा आणि वाहतूक यांना. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड मिळतं, पण ते चारा-खुराकासारख्या चालू खर्चासाठी आहे. त्यातून म्हैस घेऊन बसलात तर खुराकाला पुन्हा सावकार.

म्हैस घेताना एका दोहनावर विश्वास ठेवू नका. बाजारात आणण्याआधी एक वेळ दूध न काढता कास तुंबवून आणतात, मग कास टरटरलेली दिसते. शक्यतो मालकाच्या दावणीला जा. संध्याकाळी समोर कास पूर्ण रिकामी करून घ्या, ते दूध मोजू नका. दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ मोजा, ते खरं दूध. चारही सडांतून सारखी धार येते का, धारेत गुठळ्या आहेत का, कासेत एखादा भाग दगडासारखा लागतो का, हे स्वतः हाताने बघा. इंजेक्शन दिल्याशिवाय पान्हा सोडत नसेल तर ती म्हैस नको.

घरी आल्यावरची सगळ्यात महाग चूक म्हणजे माज हुकणं. म्हैस गाईसारखी हंबरून गाव गोळा करत नाही. उन्हाळ्यात तर माज अगदी मुका असतो. पहाटे आणि रात्री बघावं लागतं: काचेसारखा चिकट सोट, वारंवार थोडी थोडी लघवी, दूध अचानक कमी होणं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक माज हुकला की पुढचा २१ दिवसांनी. म्हणजे भाकड काळात २१ दिवसांची भर, वर हप्ता आहेच. विल्यानंतर तीन महिने झाले तरी म्हैस भरली नसेल तर चौथ्या महिन्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. रेतनानंतर अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्याच. "भरली असेल" यावर कोणी हिशेब मांडू नये.

गाय का धरली नाही असं काहीजण विचारतील. संकरित गाय दूध जास्त देते, पण आपल्या उन्हाळ्यात तिला जपावं लागतं आणि गाईच्या दुधाचा भाव म्हशीच्या दुधापेक्षा बराच खाली असतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हाही मुख्यतः गाई-बैलांनाच धरलं, म्हशी बऱ्यापैकी वाचल्या.

मग आपल्या घराने काय करावं?

मे महिन्यात पाणी टिकत असेल, दहा गुंठे नेपियरला द्यायची तयारी असेल आणि गावात दूध घेणारी गाडी किंवा पंचवीस-तीस पक्की घरं असतील तर म्हैस घ्या. पण आधी नेपियर लावा. बेणं लावल्यापासून पहिली कापणी यायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे जूनमध्ये लावलेलं गवत सप्टेंबरात हाताशी येतं. त्याच सुमाराला विणाऱ्या म्हशींचा हंगामही असतो. दूध घेणाऱ्याची खात्री मात्र आधी करा. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये १९ जिल्ह्यांसाठी मंजूर झालाय, विदर्भाचे अकरा आणि मराठवाड्याचे आठ, त्यात आपण आलो. पण जिल्हा यादीत असणं आणि तुमच्या फाट्यावर सकाळी सातला गाडी थांबणं यात फरक आहे. फाट्यावर जाऊन गाडी बघा.

पाणी मार्चमध्येच आटत असेल तर म्हशीचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि पन्नास पिल्लं आणा. पिल्लं खात्रीच्या ठिकाणची घ्या. पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथे आगाऊ नोंदणी करावी लागते. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा जाऊन या. लसीचं वेळापत्रक आणि घरी खाद्य मिसळण्याचं प्रमाण तिथल्या तज्ज्ञांकडून लिहून घ्या. दोन बॅच दारावर चांगल्या भावाने विकल्या गेल्या तरच शेड वाढवा.

घरात कोण कधी मोकळं आहे तेही बघा. म्हशीला पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला हात लागतात, वर्षाचे सगळे दिवस, लग्न असो की दहावा. हळद काढणीच्या आणि शिजवणीच्या दिवसांत तो वेळ कोण देणार? बहुतेक घरांत उत्तर "बायको" असं येतं. मग तिला विचारून ठरवा, आणि डेअरीचं खातं तिच्या नावाने काढा. कोंबड्यांचं काम आजीला आणि पोरांना वाटून घेता येतं, फक्त पहिले पंधरा दिवस रात्री कोणीतरी जागं पाहिजे.

अनुदानाबद्दल कमेंटमध्ये सगळ्यात जास्त विचारणा असते. दुधाळ जनावरं आणि कुक्कुटपालन यांचे पशुसंवर्धनाचे अर्ज ah.mahabms.com वर भरतात. अर्ज जरूर भरा. पण वहीत अनुदानाच्या ओळीसमोर शून्य लिहा आणि त्या शून्यावर धंदा उभा राहतो का ते बघा. निवड झालीच तर ते पैसे भाकड खात्यात किंवा पुढच्या बॅचच्या खाद्याला जातील.

पुढच्या व्हिडिओत नेपियर, मारवेल आणि दशरथ घास यांची दहा गुंठ्यांत मांडणी कशी करायची ते दाखवतो. तोपर्यंत तुमच्या गावचा दुधाचा दर, पेंडीचा भाव आणि विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं, एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवा.